कपॅसिटर नव्वद टक्के भरायला किती वेळ लागतो?

टेबलावर चारच वस्तू आहेत. ९ व्होल्टची बॅटरी, ४७ किलोओहमचा रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (अंगावर २५ व्होल्ट छापलेला) आणि डिजिटल मल्टिमीटर. स्टॉपवॉच मोबाइलमध्ये असतंच. बॅटरीच्या धन टोकाला रेझिस्टर, त्याच्या पुढे कपॅसिटरचं धन टोक आणि कपॅसिटरचं ऋण टोक परत बॅटरीच्या ऋण टोकाला. इलेक्ट्रोलिटिक उलटा लावायचा नसतो. त्याच्या अंगावर ज्या बाजूला वजा चिन्हांची पट्टी असते, ते ऋण टोक.

हे आकडे मी मुद्दाम मोठे घेतलेत. बहुतेक सर्किटांत हा सगळा खेळ मिलिसेकंदांत आटोपतो आणि ऑसिलोस्कोपशिवाय दिसतच नाही. इथे तो इतका संथ चालतो की मीटरवरचे आकडे वाचत वाचत वहीत लिहिता येतात.

वायर जोडली की मीटरवरचा आकडा शून्यापासून चढायला लागतो. सुरुवातीला भराभर, मग रेंगाळत. पाच व्होल्ट कधी झाले कळतही नाही, पण आठच्या पुढे गेल्यावर आपण मीटरकडे आणि मीटर आपल्याकडे बघत बसतो. असं का होतं, हे एकदा नीट कळलं की पुढची सगळी गणितं त्यातूनच सुटतात.

कपॅसिटरमध्ये जितका चार्ज साठतो तितकं त्याचं व्होल्टेज वाढतं. चार्ज येतो करंटमधून, आणि करंट किती वाहणार हे ठरवतो रेझिस्टर. आता रेझिस्टरला व्होल्टेज किती मिळतं? बॅटरीच्या व्होल्टेजमधून कपॅसिटरचं व्होल्टेज वजा केलं की जे उरतं तेवढंच. त्या उरलेल्या व्होल्टेजला मी 'तूट' म्हणतो, म्हणजे कपॅसिटरला बॅटरीची बरोबरी करायला अजून किती कमी पडतंय ते. माझी बॅटरी त्या दिवशी ९.२० व्होल्ट दाखवत होती. सुरुवातीला कपॅसिटर रिकामा, म्हणून तूट पूर्ण ९.२० व्होल्ट. करंट ९.२० भागिले ४७ हजार, म्हणजे साधारण ०.१९६ मिलिअँपिअर. कपॅसिटर अर्धा भरला की तूट अर्धी, म्हणून करंटही अर्धा आणि भरण्याचा वेगही अर्धा. तूट जितकी कमी, तितकी ती भरून काढण्याची घाई कमी. आकडा रेंगाळतो तो यामुळे.

आता समजा, सुरुवातीचा ०.१९६ मिलिअँपिअरचा करंट अजिबात न घटता तसाच वाहत राहिला. १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचं व्होल्टेज दर सेकंदाला ०.१९६ व्होल्टने वाढेल, आणि ९.२० व्होल्ट गाठायला बरोबर ४७ सेकंद लागतील. बॅटरी ९ ऐवजी १२ व्होल्टची घेतली तरी उत्तर तेच येईल, कारण करंट वाढला तसं गाठायचं अंतरही वाढलं. ही ४७ सेकंदं ना बॅटरीची, ना व्होल्टेजची. ती या रेझिस्टरची आणि या कपॅसिटरची मिळून आहेत. यालाच टाइम कॉन्स्टंट म्हणतात. पाठ्यपुस्तकात 'काल स्थिरांक' असंही लिहिलेलं असतं आणि चिन्ह ग्रीक टाउ:

```
τ = R × C
```

ओहम आणि फॅरड यांच्या गुणाकारातून सेकंद कसे बाहेर पडतात, असा प्रश्न पडायला हवा. ओहम म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर. फॅरड म्हणजे कुलोम भागिले व्होल्ट. गुणले की व्होल्ट उडून जातात आणि उरतं कुलोम भागिले अँपिअर. आणि अँपिअर म्हणजे दर सेकंदाला एक कुलोम, म्हणून शेवटी हातात राहतात फक्त सेकंद. रोजच्या वापरात शून्यं मोजत बसू नये म्हणून एक सोय लक्षात ठेवा: किलोओहम गुणिले मायक्रोफॅरड केलं की उत्तर मिलिसेकंदांत येतं, आणि मेगाओहम गुणिले मायक्रोफॅरड केलं की सेकंदांत. आपल्याकडे ४७ गुणिले १०००, म्हणजे ४७ हजार मिलिसेकंद.

पण करंट तसाच राहत नाही, तो घटत जातो. मग ४७ सेकंदांनंतर कपॅसिटर खरंच कुठे असतो? हे कागदावर हाताने करून बघण्यासारखं आहे. ४७ सेकंदांचे दहा तुकडे करा, प्रत्येकी ४.७ सेकंदांचे, आणि एका तुकड्यापुरता करंट स्थिर आहे असं माना. पहिल्या तुकड्यात तुटीचा एक दशांश भाग भरून निघतो, म्हणजे ०.९२ व्होल्ट. तूट उरली ८.२८. दुसऱ्या तुकड्यात या ८.२८ चा दशांश, ०.८३. उरली ७.४५. तिसऱ्यात पुन्हा दशांश, उरली ६.७१. दर वेळी तुटीला ०.९ ने गुणायचं. दहा तुकडे संपले की उरते ३.२१ व्होल्ट, मूळ तुटीच्या सुमारे ३४.९ टक्के.

यात थोडी लबाडी झाली, कारण तुकड्याच्या आतही करंट घटतच असतो. म्हणून तुकडे बारीक करा. शंभर तुकडे केले तर दर वेळी ०.९९ ने गुणायचं, शंभरदा. उत्तर येतं ३६.६ टक्के. आणखी बारीक करत गेलात तर आकडा ३६.८ टक्क्यांवर येऊन स्थिरावतो. तो म्हणजे १ भागिले e, जिथे e म्हणजे २.७१८. गणितातला हा e अवघड वाटतो तो आकाशातून पडल्यासारखा समोर येतो म्हणून. प्रत्यक्षात 'जे उरलंय त्याच्या प्रमाणात घट' हे वाक्य अगदी बारीक तुकड्यांनी सोडवलं की तो आपोआप समोर येतो.

एका टाउमध्ये तूट ३६.८ टक्के उरली, म्हणजेच कपॅसिटर ६३.२ टक्के भरला. दुसऱ्या टाउमध्ये उरलेल्या तुटीच्या पुन्हा ३६.८ टक्के, म्हणजे भरला ८६.५ टक्के. तिसऱ्यानंतर ९५, पाचव्यानंतर ९९.३. काटेकोर बोलायचं तर शंभर कधीच नाही. व्यवहारात मात्र पाच टाउ झाले की 'भरला' म्हणायची रीत आहे.

सूत्रात लिहिलं तर असं दिसतं:

```
तूट = V × e^(-t/RC)
कपॅसिटर = V × (1 - e^(-t/RC))
```

आता नव्वद टक्क्यांकडे येऊ. नव्वद टक्के भरला म्हणजे तूट एक दशांश उरली. मग प्रश्न एवढाच राहतो की e चा कितवा घात घेतला की दहा येतात? त्याचं उत्तर म्हणजे दहाचा नैसर्गिक लॉगरिदम, २.३०३.

```
t90 = RC × ln(10) = 2.303 × RC
```

आपल्या जोडणीसाठी ४७ गुणिले २.३०३, म्हणजे १०८ सेकंद.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली त्रैराशिकाची. '६३ टक्क्यांना ४७ सेकंद, तर नव्वदला किती?' असं मांडलं की ६७ सेकंद येतात. प्रत्यक्षात ६७ व्या सेकंदाला कपॅसिटर ७६ टक्क्यांवर असतो. दुसरी चूक कॅल्क्युलेटरवरची, आणि ती जास्त फसवी. त्यावर `log` आणि `ln` अशी दोन बटणं शेजारी शेजारी असतात. `log` दाबलं तर दहाचं उत्तर येतं १, आणि मग नव्वद टक्क्यांचा वेळ बरोबर एक टाउ निघतो. हे चुकलंय हे कळायला गणित नको. एका टाउला ६३ टक्के होतात हे पाठ असेल तर त्याच वेळात नव्वद कसे होतील? नव्वदचं उत्तर नेहमी दोन आणि तीन टाउच्या मध्ये पडलं पाहिजे.

डिस्चार्जसाठी वेगळं काही शिकायला लागत नाही. भरलेला कपॅसिटर बॅटरीपासून सोडवून त्याच ४७ किलोओहममधून रिकामा केला, तर आता कपॅसिटरचं व्होल्टेज हीच तूट. ती एका टाउमध्ये ३६.८ टक्क्यांवर येते आणि २.३०३ टाउमध्ये दहा टक्क्यांवर. 'नव्वद टक्के रिकामा' व्हायला तेच १०८ सेकंद. मात्र प्रश्नात 'नव्वद टक्क्यांपर्यंत उतरला' असं असेल तर गोष्ट निराळी, त्याला फक्त ०.१०५ टाउ लागतो, म्हणजे पाचच सेकंद. परीक्षेत या एका शब्दावर गुण जातात.

हे झालं कागदावर. आता स्टॉपवॉच.

मोजण्याआधी बॅटरी मोजून घ्या. तिच्यावर ९ छापलंय म्हणून ९ धरलं तर सगळे टक्के चुकतील. माझ्या ९.२० ला ६३.२ टक्के म्हणजे ५.८१ व्होल्ट आणि ९० टक्के म्हणजे ८.२८ व्होल्ट. हे दोन आकडे कागदावर ठळक लिहून ठेवले, वायर जोडली आणि स्टॉपवॉच सुरू केलं. ५.८१ आले ५२ व्या सेकंदाला, ४७ व्या नाही.

पाच सेकंद जास्त लागले म्हणून घाबरायचं कारण नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या छापील आकड्यात २० टक्के इकडेतिकडे चालतं, तर चांगल्या रेझिस्टरमध्ये एखादाच टक्का. मी रेझिस्टर मीटरवर तपासला, तो ४७ च होता. म्हणजे फरक कपॅसिटरचा. ५२ सेकंद भागिले ४७ हजार ओहम केले की त्याची खरी धारिता येते, सुमारे ११०६ मायक्रोफॅरड. टाइम कॉन्स्टंट मोजणं म्हणजे कपॅसिटर मोजण्याचाच एक मार्ग आहे.

याहून मला आवडणारी पद्धत डिस्चार्जची आहे. तिच्यात सुरुवात कधी झाली आणि बॅटरी किती होती, याची फिकीर करावी लागत नाही. कपॅसिटर रिकामा होत असताना आकडा ८.०० वर आला की स्टॉपवॉच दाबायचं आणि ४.०० वर आला की थांबवायचं. व्होल्टेज निम्मं व्हायला लागलेला हा वेळ म्हणजे ०.६९३ टाउ, कारण दोनचा नैसर्गिक लॉगरिदम तेवढा आहे. मला ३६ सेकंद लागले. ३६ भागिले ०.६९३, टाउ झाला ५२. जुळलं. खात्री करायची तर ४ वरून २ वर यायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो का बघा. नाही लागला, तर मधे आणखी कुठून तरी चार्ज येतोय किंवा गळतोय.

टाउ ५२ म्हटल्यावर नव्वद टक्के, म्हणजे ८.२८ व्होल्ट, १२० व्या सेकंदाला यायला हवेत. आले १२१ आणि १२२ च्या मध्ये. हा दीड-दोन सेकंदांचा उशीर बोटाच्या चुकीवर ढकलता आला असता. पण तीनदा मोजलं तरी उशीर एकाच बाजूचा निघाला, म्हणून जोडणी तशीच ठेवून दहा मिनिटांनी मीटर पाहिला. आकडा ९.१६ वर थांबला होता, ९.२० वर नाही.

दोषी मीटरच आहे. बहुतेक डिजिटल मल्टिमीटर व्होल्टच्या रेंजवर स्वतः १० मेगाओहमच्या रेझिस्टरसारखे वागतात. तो कपॅसिटरच्या समांतर लागला की थोडासा करंट कायम त्यातून निसटत राहतो. रेझिस्टर आणि मीटर मिळून व्होल्टेजची वाटणी करतात, ९.२० गुणिले १० भागिले १०.०४७, उत्तर बरोबर ९.१६. कपॅसिटर आता ९.२० च्या नव्हे, ९.१६ च्या छताकडे चढतोय. खालच्या भागात हे जाणवत नाही, पण ८.२८ ची रेघ छताच्या किंचित जास्त जवळ आली आणि तिथे चाल आधीच मंद असते.

४७ किलोओहमला दोन सेकंदांनी काही बिघडत नाही. पण आता रेझिस्टर १ मेगाओहमचा आणि कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा घ्या. कागदावर टाउ १०० सेकंद आणि नव्वद टक्क्यांना २३० सेकंद. मीटर लावल्यावर छत येतं ९.२० च्या दहा अकरांश, म्हणजे ८.३६ व्होल्टवर. आपली रेघ ८.२८ वर! छताच्या ९९ टक्क्यांवर. तिथवर पोहोचायला २.३०३ नाही, ४.६०५ टाउ लागतात. मीटर समांतर लागल्याने टाउ जरा घटून ९१ झालाय, तरी वेळ जातो ४१९ सेकंद. जवळजवळ दुप्पट. सूत्र चूक नाही, कपॅसिटरही खराब नाही. फक्त मोजणाऱ्यानं सर्किट बदललंय.

उपाय साधा आहे आणि तो मला बरीच वर्षं सुचला नव्हता: मीटर कपॅसिटरवर लावूच नका, रेझिस्टरवर लावा. रेझिस्टरवरचं व्होल्टेज म्हणजे तीच आपली तूट. आकडा ९.२० पासून उतरत येतो आणि ०.९२ ला पोहोचला की नव्वद टक्के झाले. मीटर आता रेझिस्टरच्या समांतर असल्यामुळे १ मेगाओहमचा ०.९०९ मेगाओहम होतो आणि वेळ २०९ सेकंद येतो. चूक अजूनही आहे, पण ती सरळ नऊ टक्क्यांची आहे. रेझिस्टर ०.९०९ धरून हिशेब केला की पूर्ण जुळते, आणि छताची भानगड मिटते. शिवाय एक गोष्ट फुकटात कळते. कितीही थांबलं तरी आकडा शून्याजवळ न जाता कुठे तरी वर अडकला, तर कपॅसिटर स्वतःच आतून गळतोय. जुन्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये, विशेषतः वर्षानुवर्षं पडून राहिलेल्यात, हे सर्रास दिसतं.

कपॅसिटर सुरुवातीला रिकामा नसेल तर? तुटीच्या भाषेत हा प्रश्नच उरत नाही. सुरुवातीची तूट भागिले शेवटची तूट, त्याचा लॉगरिदम, गुणिले टाउ:

```
t = RC × ln( सुरुवातीची तूट / शेवटची तूट )
```

५५५ नावाची टाइमर आयसी १९७२ साली बाजारात आली आणि आजही वापरात आहे. तिचे आकडे नेमके यातूनच येतात. ठरावीक काळ एकदाच चालू ठेवायच्या जोडणीत ती कपॅसिटर शून्यापासून पुरवठ्याच्या दोन तृतीयांशापर्यंत भरू देते. तूट एकवरून एक तृतीयांशावर येते, भागाकार ३, लॉगरिदम १.०९९. तिच्या सूत्रातला १.१ गुणिले RC हा तोच. सतत उघडझाप करायच्या जोडणीत कपॅसिटर एक तृतीयांश ते दोन तृतीयांशाच्या मध्ये खालीवर होतो. तूट दर वेळी निम्मी होते, म्हणून तिथे ०.६९३ दिसतो. पुरवठ्याचं व्होल्टेज भागाकारात उडून जातं, त्यामुळे बॅटरी थोडी उतरली तरी वेळ फारसा बदलत नाही.

'रिकामा नसेल तर' हा प्रश्न आपल्या टेबलावरही येतो, आणि चोरपावलांनी येतो. एकदा मोजून झालं, दुसऱ्यांदा मोजायला म्हणून कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना क्षणभर वायर टेकवली, मीटर शून्य झाला, वायर काढली. चहा पिऊन आलात की मीटरवर पुन्हा काही दशांश व्होल्ट उभे असतात. कपॅसिटरमधला इन्सुलेटर थोडा चार्ज आत मुरवून ठेवतो आणि शॉर्ट काढल्यावर सावकाश परत सोडतो. समजा ०.४ व्होल्ट परत आले आणि तुम्ही तसंच मोजायला घेतलंत. सुरुवातीची तूट ९.२० ऐवजी ८.८, शेवटची ०.९२, भागाकार ९.५७. नव्वद टक्के १२० ऐवजी ११७ सेकंदांतच होतील, आणि मघाच्या दोन सेकंदांच्या उशिराचा शोध घेणारा माणूस पुन्हा कोड्यात पडेल. म्हणून दोन मोजण्यांच्या मध्ये कपॅसिटरवर १ किलोओहमचा रेझिस्टर काही मिनिटं तसाच लावून ठेवायचा, मग तो काढून मिनिटभर मीटरकडे बघायचं, आणि आकडा वर सरकत नसेल तरच स्टॉपवॉचला हात लावायचा.